पाच भाषा येतात, पण विकायचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 34 वर्षांची. माहेर सोलापूरचं, पद्मशाली. घरात तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत हिंदी आणि कन्नड. लग्नाला बारा वर्षं झाली, पंचवटीत राहते. शेजार गुजराती, त्यामुळे तीही बोलते. रामकुंडाजवळच्या एका लॉजवर सकाळी सात ते दुपारी दोन काउंटर सांभाळते, पगार अकरा हजार. तेलुगू यात्रेकरू माझ्याशी बोलायला लागले की हलतच नाहीत. दोन लाख रुपये साठवलेत. नवरा म्हणतो पूजासाहित्याचं दुकान टाक, भाऊ म्हणतो भाषांतराचं ऑफिस काढ, मैत्रीण म्हणते कुंभ येतोय तर ट्रॅव्हल एजन्सी सुरू कर. पाच भाषा येऊनही मी अकरा हजारांवरच आहे. पैसे कशात घालू?

ताई,

पैसे कशात घालायचे ते शेवटी बघू. आधी 'पाच भाषा येऊनही' या तुमच्या शब्दांवर बोलू या.

पंचवटीत बाहेरची भाषा येणारी माणसं कमी नाहीत. तुमच्या लॉजबाहेरचा रिक्षावाला तेलुगूत 'रंडि अम्मा, रंडि', म्हणजे 'या आई, या' म्हणून हाक मारतो. बांगड्या-माळा विकणारी बाई तेलुगूत दर सांगते, गुजरातीत घासाघीस करते. गुरुजींना तर पिढ्यान्‌पिढ्या प्रांतोप्रांतीच्या यजमानांची सवय आहे. विक्रीला लागते तेवढी भाषा इथे सगळ्यांनी केव्हाच शिकून घेतली आहे. मग तुमच्या काउंटरपाशी माणसं का रेंगाळतात? त्यांच्या भाषेत बोलणारा जो जो भेटतो तो काहीतरी विकतो, आणि तुम्ही काही विकत नाही म्हणून. तुमच्याशी बोलताना यात्रेला आलेल्या बाईचा हात पर्सवर घट्ट नसतो.

आता नवऱ्याचा सल्ला या बाजूने बघा. पूजासाहित्याचं दुकान टाकलंत की दुसऱ्या दिवसापासून तुमची तेलुगूही विक्रीची भाषा होईल. शिवाय रामकुंड ते काळाराम या वाटेवर तसली दुकानं किती आहेत ते तुम्ही रोज बघता. अनामत आणि भाडं देऊन तुम्ही त्या रांगेतलं आणखी एक दुकान व्हाल. भाषांतराच्या ऑफिसला इथे गिऱ्हाईक नाही, कारण यात्रेकरू कागद घेऊन येत नाही. एजन्सी काढायची तर गाड्या, चालक, हॉटेलांची उधारी, ऐनवेळी रद्द होणारी बुकिंग हे सगळं गळ्यात येतं. त्या धंद्यात भाषेपेक्षा खेळतं भांडवल मोठं लागतं.

काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन रामेश्वरमला गेले होते. तिथे देवळातल्या 22 तीर्थांच्या पाण्याने स्नान करतात, बादल्यांवर बादल्या अंगावर येतात. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाऊ देत नाहीत हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर ते तमिळमध्ये. कोरडे कपडे खोलीवर राहिले होते. सत्तरीची आई ओल्या नऊवारीत कुडकुडत एका ओट्यावर बसली आणि मी कपडे आणायला पळाले. सकाळी कोणी मराठीत एवढंच म्हणालं असतं की 'एक कोरडी जोडी पिशवीत ठेवा आणि आईला बावीसच्या बावीस तीर्थं करायला लावू नका', तर मी त्याला आनंदाने हजार रुपये दिले असते. मला तेव्हा सोबत हवी होती, आणि ती विकत मिळत नव्हती. तुम्ही पंचवटीत तेच विका. तेलुगू कुटुंबासाठी, एका दुपारपुरती सोबत.

'एका दुपारपुरती' का, ते सांगते. तुमच्या लॉजवर उतरणारी तेलुगू कुटुंबं बघून तुम्हाला वाटत असेल की हेच आपलं गिऱ्हाईक. पण तेलुगू यात्रेकरूंचा मोठा ओघ नाशिकला मुक्कामालाच येत नाही. तो नरसापूर–नगरसोलसारख्या गाड्यांनी शिर्डीच्या बाजूला उतरतो, शिर्डीत दोन रात्री राहतो, आणि मधला एक दिवस टॅक्सीने 'नाशिक–त्र्यंबक' करतो. सकाळी सहाला शिर्डीहून निघालं की सिन्नरमार्गे नऊच्या सुमाराला त्र्यंबक. कुशावर्तात स्नान, दर्शनाची रांग, जेवण. तीनच्या सुमाराला गाडी पंचवटीत येते. चालक वाहनतळावर गाडी लावतो, 'फिरून या' म्हणतो आणि झोपतो. सहा माणसं, त्यात दोन म्हातारी आणि एक कडेवरचं मूल, पत्ता ठाऊक नाही अशी गल्लीत उभी राहतात. तुमची पाळी दोनला सुटते. तीन ते सात हे चार तास तुमचे आहेत, आणि नोकरीही सोडावी लागत नाही.

या चार तासांत काय द्यायचं ते ठरवताना देवळांची यादी करू नका. यादी रिक्षावाल्याकडेही आहे. कुटुंब कुठे अडतं ते बघा. रामकुंडावरून कपालेश्वराला जायचं तर पायऱ्यांचा चढ आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींना तो झेपणार नाही हे खालीच विचारून घ्यायचं, वर चढून निम्म्यात नाही. वर गेलेला तेलुगू माणूस आधी नंदी शोधतो, कारण नंदीच्या दोन शिंगांमधून पिंडीचं दर्शन घ्यायची त्यांची पक्की रीत आहे. आणि कपालेश्वरासमोर नंदीच नाही. बहुतेकांना वाटतं आपण चुकीच्या दाराने आलो. रामकुंडात स्नान केल्याने ब्रह्महत्येचं पातक जाईल हा मार्ग शंकराला नंदीनेच दाखवला, म्हणून इथे नंदी गुरुस्थानी आहे आणि समोर सेवक म्हणून बसत नाही, ही कथा तुम्ही त्यांच्या भाषेत पायरीवर उभ्या उभ्या सांगितलीत तर ती ते गावी जाऊन दहा जणांना सांगतील.

सीतागुंफेचंही तसंच. आतली वाट इतकी ठेंगणी आणि अरुंद आहे की वाकून, सरकत जावं लागतं. ज्यांचं वजन जास्त आहे, ज्यांना दम लागतो, ते निम्म्यात घाबरतात आणि मागे रांग अडलेली असते. तेव्हा रांगेत लागण्याआधीच आजींना पाच वडांच्या सावलीत घडीच्या स्टुलावर बसवा आणि त्यांच्याजवळ स्वतः थांबा. घरचे आत जाऊन येईपर्यंत आजी तुमच्याशी बोलत राहतील. माझ्या मते तुमच्या चार तासांतलं सगळ्यात मोलाचं काम हेच, कारण एरवी कोणीतरी एक जण आत न जाता बाहेर राहतो आणि वर्षभर हळहळतो.

काळारामाच्या आवारात थोडं निवांत बसवा. काळ्या पाषाणातलं ते देऊळ बघून लोक मूर्तीकडे धावतात. पण 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू झाला, हे सांगितलंत तर पुष्कळ जण दरवाज्याकडे वळून पुन्हा बघतील. शेवट संध्याकाळच्या गोदाआरतीने करा. तेव्हा एक गोष्ट न विसरता सांगा. समोर रामकुंडात दिसणारं हे एवढंसं पाणी म्हणजे त्यांच्या राजमहेंद्रवरमला जिच्यावर दोन किलोमीटरांहून लांब रेल्वेपूल बांधावा लागला तीच नदी. तिकडे समुद्राला मिळताना तिच्या एका फाट्याला गौतमी म्हणतात, ते नाव ज्या गौतम ऋषींवरून आलं त्यांचा ब्रह्मगिरी ते सकाळीच बघून आलेले असतात. गोदावरीकाठच्या तेलुगू माणसाला हे ऐकताना काय वाटतं ते तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावर दिसेल. तपोवन या चार तासांत घेऊ नका. ते चालण्याच्या टप्प्यात नाही, आणि अनोळखी माणसांच्या गाडीत तुम्ही बसायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. भेटायचं वस्त्रांतरगृहासमोर, निरोपही तिथेच. बुकिंग फक्त कुटुंबांचं घ्या, नुसत्या पुरुषांच्या गटाचं नको.

आता पैसे. दर कुटुंबाला लावा, माणशी लावू नका. माणशी दर सांगितला की मूल धरायचं की नाही यावर पहिली दहा मिनिटं जातात. समजा सहा-सात जणांपर्यंतच्या कुटुंबाला 1,800 रुपये. पाचशे ठेवले तर जास्त लोक येतील असं वाटेल, पण एवढ्या कमी पैशांत चार तास देणारी बाई नक्की कुठल्या तरी दुकानात नेऊन कमिशन काढणार, असं शहाणा प्रवासी समजतो. तीनशे रुपये आगाऊ यूपीआयने घ्या. कुटुंब न आल्यास ते परत नाहीत, तुम्ही न आलात तर लगेच परत. त्र्यंबकची रांग लांबणं ही तुमची नेहमीची अडचण असणार. तीन वाजता फोन येईल की आम्ही अजून आतच आहोत. त्यासाठीही बोली आधीच करा. पाचपर्यंत वाट बघेन. पाचनंतर आलात तर फक्त रामकुंड, काळाराम आणि आरती, त्याचे 1,000. ही बोली फोनवर तोंडी झाली तरी तिचा आवाजी निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा, म्हणजे भांडण होत नाही.

गिऱ्हाईक आणायचे शिर्डीच्या टॅक्सीचालकांनी. त्यांना तुमच्यात काय फायदा? कुटुंब वेळेवर गाडीपाशी येतं, कोणी हरवत नाही, त्याला चार तास झोप मिळते. तरीही त्याला प्रत्येक कुटुंबामागे ठरलेले 200 रुपये द्या आणि कुटुंबाने विचारलं तर ते लपवू नका. दुकानांकडून मात्र एक रुपया घेऊ नका, चहासुद्धा त्यांच्याकडचा नको. दोन्ही कमिशनच असं कोणी म्हणेल, पण चालकाचे दोनशे तुमच्या मेहनतान्यातून जातात, दुकानाचं कमिशन त्या कुटुंबाला चढ्या दराने भरावं लागतं. भांडीबाजारात तांब्याची कळशी घ्यायची असेल तर बाजार दाखवा, दुकान दाखवू नका. 'आमची कुठल्याही दुकानाशी ओळख नाही' हे वाक्य तुम्हाला खरेपणाने म्हणता आलं पाहिजे, कारण तुम्ही विकताय ते यावरच उभं आहे.

हिशोब करून बघू. 1,800 मधून चालकाचे 200, रिक्षा-फोन-पाण्याचे 100 गेले की 1,500 उरतात. आठवड्याला तीन कुटुंबं धरली तर महिन्याला बारा, म्हणजे 18,000. पगार धरून 29,000. पण हे चांगल्या महिन्याचं गणित. उन्हाळ्याची सुट्टी, दसऱ्याची आणि संक्रांतीची सुट्टी या दिवसांत तेलुगू कुटुंबं फिरतात. सगळ्यांत भर कार्तिकात, कारण त्यांच्याकडे कार्तिक हा शिवाचा महिना आणि त्यातले सोमवार मोठे. त्यांचे महिने आपल्यासारखेच अमावास्येला संपतात, त्यामुळे तुमचं कॅलेंडर त्यांनाही लागू पडतं. उत्तरेकडच्या यात्रेकरूंचा श्रावण मात्र पंधरा दिवस आधी सुरू होतो. आपल्याकडे आषाढच असताना त्र्यंबकची रांग का वाढली, हे तुमच्या तेलुगू पाहुण्यांना कोडं पडतं. फोनवर तारीख ठरवतानाच ते सांगितलंत तर त्यांचा दिवस वाचतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये गंगापूर धरणातून पाणी सुटलं की रामकुंड पाण्याखाली जातं. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तुमचा धंदा त्या दिवसापुरता बंद. तशा महिन्यात पाचच कुटुंबं मिळाली तर 7,500. म्हणून एक पावसाळा बघितल्याशिवाय नोकरी सोडू नका.

मैत्रिणीच्या कुंभाबद्दल. 31 ऑक्टोबर 2026 चं ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 चं पहिलं अमृतस्नान या तारखा सगळ्यांच्या तोंडी आहेत आणि त्यावर कर्ज काढून खोल्या बांधणारी माणसंही मी बघते आहे. पण पर्वणीच्या दिवसांत खासगी गाड्या शहराबाहेर अडवतात, घाटावर माणूस थांबवून काही सांगता येत नाही, म्हाताऱ्यांना तिथे नेणंच धोक्याचं. तुमची दुपारची सोबत त्या दिवसांत चालणार नाही. ते दिवस सरळ बंद ठेवा. तुमचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ आणि त्याच गुरूमुळे तेलुगू मुलखात गोदावरीचं पुष्करम, म्हणजे नदीस्नानाचा उत्सव. मागचं 2015 ला झालं, पुढचं 2027 ला. बहुतेक तेलुगू कुटुंबं राजमहेंद्रवरम, भद्राचलम, बासर इथे स्नान करतील, पण त्या काळात घराघरांत गोदावरीचं बोलणं निघेल, आणि 'उगम बघून येऊ' म्हणणारी माणसं आधीच्या आणि नंतरच्या शांत महिन्यांत निघतील. तोपर्यंत तुमचं नाव शंभर घरांत पोचलेलं असलं पाहिजे.

आता एक नाजूक प्रश्न विचारते, रागावू नका. तुम्हाला तेलुगू वाचता येतं का? सोलापुरातल्या कितीतरी पद्मशाली मुलींची शाळा मराठी असल्यामुळे तेलुगू तोंडात असते, डोळ्यांना ओळखीची नसते. आणि तुम्हाला येणारे निरोप तेलुगू लिपीत असतील. येत नसेल तर रोज अर्धा तास देऊन शिका, बाराखडी आपल्यासारखीच चालते. तोवर आवाजी निरोपांवर काम चालवा. तुमची तेलुगूही सोलापूरची आहे, तिच्यात मराठी मिसळलंय आणि किनारी आंध्रातल्या माणसाला ती वेगळी वाटेल. ते लपवायचं कारण नाही, 'आम्ही सोलापूरचे' म्हटलं की ओळखच निघते. पण गफलत होते ती दोन्ही भाषांत असलेल्या शब्दांत. त्यांनी 'अन्नं एक्कड दोरुकुतुंदि?' विचारलं तर त्यांना भात हवा असतो, पोळी-भाजीची थाळी नव्हे. 'अवसरं' म्हणजे त्यांच्याकडे गरज. असे शब्द वहीत टिपून ठेवा.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. पहिली, धार्मिक विधी. त्र्यंबकला नारायण नागबळी, कालसर्प, त्रिपिंडी हे विधी परंपरेने तिथल्या पुरोहितांकडे आहेत, रामकुंडावर तीर्थोपाध्यायांची घराणी प्रांतांनुसार वाटलेली आहेत आणि त्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. तुम्ही गुरुजी ठरवून देऊ नका, दक्षिणेचा आकडा सांगू नका, विधीचे पैसे तुमच्या खात्यावर घेऊ नका. कोणी अस्थिविसर्जन किंवा पिंडदान म्हणालं तर 'त्यासाठी सकाळी या, रामकुंडावर पुरोहित संघाकडे विचारा' एवढंच. दुसरी, त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि पांडवलेणी ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित ठिकाणं आहेत, तिथे परवान्याशिवाय गाइड म्हणून काम करू नका. पुढे करावंसं वाटलं तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम बघा. पंचवटीतही स्वतःला 'सोबत' म्हणा. तिसरी, तुमचे लॉजमालक. काउंटरवर बसून पाहुण्यांना गुपचूप नंबर दिलात तर उद्या ती बातमी त्यांच्या कानावर जाणार. आधीच सांगा की पाळी सुटल्यावर मी हे करते आणि इथल्या पाहुण्यांना तुमच्या परवानगीनेच विचारीन.

कागदपत्रं थोडी आहेत. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in वर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारे दलाल आणि सारख्या दिसणाऱ्या वेबसाइटी पुष्कळ आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. सेवेच्या धंद्याला जीएसटी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपुढे लागतो, तुम्हाला आत्ता त्याची काळजी नाही. गुगलवर धंद्याची नोंद करताना घरचा पत्ता न दाखवण्याची सोय असते, ती वापरा, आणि माहिती तेलुगूतही लिहा. प्रत्येक कुटुंबाला निरोप देताना तेलुगूतच अभिप्राय लिहायला सांगा. शिर्डीतल्या खोलीवर रात्री बसून 'नासिक' शोधणारी सून तोच वाचणार आहे.

आणि हे सगळं करण्याआधी एक महिना फक्त वही लिहा. काउंटरवर तेलुगूत विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न त्याच शब्दांत. कपडे कुठे बदलायचे, इडली कुठे मिळेल, बॅगा कुठे ठेवू, त्र्यंबकला किती वेळ लागतो. महिन्याने ज्या पाच प्रश्नांपुढे सगळ्यात जास्त खुणा दिसतील त्यांची उत्तरं तुम्ही फोन आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत द्यायची. मग दहा कुटुंबं घ्या, पूर्ण दराने, ओळखीतल्यांना फुकट नाही. फुकटात सगळेच छान म्हणतात. त्या दहांतल्या तिघांच्या नावाने जरी नवे फोन आले, तरी पुढे जा. उलट, येणारे फोन 'व्हीआयपी दर्शन करून द्याल का' असेच असतील, तर लोक तुम्हाला दलाल समजताहेत. मग तुमची माहिती कशी लिहिली आहे आणि चालक तुमच्याबद्दल काय सांगतात ते आधी तपासा.

जे वाचक नाशिकचे नाहीत त्यांनी तेलुगूच्या जागी आपल्या गावाची भाषा घालावी. पंढरपुरात कन्नड, कोल्हापुरात तेलुगू, शिर्डीत तर तुम्हाला येत असेल ती. फक्त आधी दोन दिवस वाहनतळावर उभं राहून मोजा. कुठल्या राज्याच्या गाड्या येतात, कुठल्या वेळी, आणि गाडीतून उतरल्यावर कुटुंब पहिली पंधरा मिनिटं काय करतं. ज्या वेळेला सगळ्यात जास्त माणसं नुसती उभी दिसतील ती तुमची वेळ.

आता तुमचे दोन लाख. वेगळ्या नंबरचा एक बरा फोन, दोन घडीची स्टुलं, दोन मोठ्या छत्र्या, पंचवटीच्या वाटेचा तेलुगूतला छापील कागद, बँडेज आणि ओआरएसची पिशवी. पंचवीस हजारांत सगळं बसतं. बाकीचे पावणेदोन लाख मुदत ठेवीत टाका आणि नवऱ्याला पावती दाखवा, म्हणजे दुकानाचा विषय काही महिने तरी निघणार नाही. छापील कागदाचा मजकूर मात्र छपाईआधी दोन माणसांकडून वाचून घ्या, एक हैदराबादकडचं आणि एक गोदावरी जिल्ह्यांतलं. काउंटरवर या आठवड्यातच दोन्ही भेटतील.